मलम त्वचेवरच थांबत नाही

संपादक महाशय,

गोरेपणाची मलमे ही निव्वळ वैयक्तिक हौस असून बाह्य उपचारापासून अपाय संभवत नाही, ही आपल्या लेखकाची दोन्ही विधाने अमान्य आहेत. पालघर-बोईसरकडे स्थळ सांगून येताच मुलीच्या शिक्षणाआधी वर्णाची चौकशी होते. त्या दडपणापोटी लावलेल्या मलमाला हौस कसे म्हणावे? अकोल्यातील एक विद्यार्थिनी, तिची आई व बहीण यांना पार्लरमधील मलमाच्या वापरानंतर मूत्रपिंडविकार जडला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत त्या मलमात पारा आढळला, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेच आहे. पारा रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून उजळपणा लवकर दिसतो. परंतु तोच त्वचेतून रक्तात शिरून मूत्रपिंडाच्या गाळणीस इजा करतो, तेव्हा प्रथिने लघवीवाटे जाऊन तिला फेस येतो, पावले सुजतात. घटकांची यादी व उत्पादकाचा पत्ता नसलेली डबी वापरणाऱ्याने लघवी तपासून घ्यावी.

आपला,
एक वाचक, बोईसर