आंब्याची आगाऊ नोंदणी : तारीख झाडाची की जाहिरातीची?

सिल्वासा : वाडीतला आंबा दलालाला टाळून थेट कुटुंबांपर्यंत पोहोचवण्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्येच आगाऊ नोंदणी घेण्याची पद्धत आता रूढ होत आहे. बागायतदाराला हंगामाआधी हाती पैसा मिळतो आणि ग्राहकाला आपला आंबा कोणत्या बागेतला हे कळते. मात्र या व्यवहारात वाद उद्भवतो तो बहुधा भावावरून नव्हे. पेटी कधी निघणार आणि हाती पडेल तेव्हा फळ कोणत्या अवस्थेत असणार, या दोन प्रश्नांची सरळ उत्तरे नोंदणीच्या वेळी दिली जात नाहीत, हे त्याचे मूळ आहे.

पाठवणीची तारीख मोहोर ठरवतो. फळधारणा झाल्यापासून हापूस काढणीस येण्यास साधारण 110 ते 120 दिवस लागतात. फळधारणा 15 जानेवारीच्या सुमारास झाली असेल, तर तो आंबा 10 मेच्या आसपास उतरवता येतो. परंतु झाडाला मोहोर एकदम येत नाही. थंडी लांबली की दुसरा बहर येतो. 15 फेब्रुवारीच्या फळधारणेचा आंबा 10 जूनकडे सरकतो आणि जूनच्या मध्यापर्यंत आपल्याकडे पाऊस दाखल होत असतो. पावसात सापडलेल्या फळाला फळमाशी व करपा यांची बाधा लवकर होते. म्हणून प्रामाणिक बागायतदार नोंदणी पहिल्या बहराच्या अंदाजापुरतीच घेतो. एक ठाम दिवस न सांगता तो ‘10 ते 18 मे’ असा आठवडाभराचा टप्पा सांगतो. उष्मा वाढला की फळ लवकर तयार होते, हेही तो त्याच वेळी कळवून ठेवतो.

अक्षय्य तृतीयेच्या मागणीचे उदाहरण येथे बोलके आहे. 2024 मध्ये हा सण 10 मे रोजी होता, 2025 मध्ये 30 एप्रिल रोजी. वर उल्लेखिलेल्या बहराचा आंबा यांपैकी कोणत्याही दिवशी पिकून ताटात येणे शक्य नव्हते. तरीही सणासाठी आंबा देण्याचे वचन कोणी दिले, तर फळ कोवळे उतरवणे किंवा दुसरीकडचा आंबा पेटीत भरणे, एवढेच मार्ग त्याच्यापुढे उरतात.

दुसरा प्रश्न पक्वतेचा. प्रवासासाठी आंबा झाडावर पूर्ण पिकू देत नाहीत. व्यापारी भाषेत ‘चौदा आणे’ तयार झाला की तो देठासह उतरवतात. अशा फळाचे खांदे भरलेले असतात, देठाजवळ खळगा पडतो आणि फळ पाण्यात टाकल्यास बुडते. बारा आण्यांवर काढलेले फळ मात्र सुरकुतते व आंबट राहते. तेव्हा 10 मे रोजी उतरवून चीक निथळल्यावर 11 मे रोजी पाठवलेली पेटी घरी येईल ती हिरव्या, कडक फळांची. पेंढ्याच्या आढीत ती फळे 18 ते 20 मेच्या सुमारास पिकतील, तीही सगळी एकाच दिवशी नव्हे. घरी समारंभ असेल त्यांनी पाठवणीनंतर किमान आठ-दहा दिवस धरावेत. कच्चे फळ शीतकपाटात ठेवू नये. थंडीने ते नीट पिकत नाही. पेटी पोचताच सर्व फळे एकसारखी पिवळीधमक दिसली आणि सुवास मात्र नसला, तर ती कृत्रिमरीत्या पिकवल्याचा संशय घेण्यास जागा आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे.

हापूसमधील साका बाहेरून ओळखता येत नाही. त्यामुळे ‘एकही फळ खराब निघणार नाही’ हे आश्वासन कोणीच देऊ शकत नाही. ‘कापल्यावर साका निघाल्यास छायाचित्र पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत’ हे आश्वासन मात्र देता येते आणि पाळताही येते. वजन उतरवणीच्या वेळचे धरलेले असल्यास तेही नोंदीत लिहावे, कारण पिकताना फळाचे वजन काहीसे घटते.

राहिला निसर्गाचा फटका. 17 मे 2021 च्या रात्री तौक्ते चक्रीवादळ आपल्याच संघप्रदेशातील दीव व शेजारच्या उना परिसरात धडकले आणि गीर भागातील केसरच्या बागा ऐन हंगामात झोडपल्या गेल्या. वादळात गळालेले अर्धकच्चे फळ आढीत घालून नोंदणी पुरी करता येत नाही. ते फार तर लोणच्याच्या कामी येते. अशा वेळी संपूर्ण रक्कम आधीच घेतलेली असेल तर नुकसान कोणी सोसायचे, हा तंटा उभा राहतो. म्हणून नोंदणीवेळी अल्प रक्कम, उरलेली पाठवणीच्या आदल्या दिवशी आणि पीक गेल्यास परतावा किती, याची लेखी अट हा दोन्ही पक्षांना झेपणारा मार्ग आहे.

नोंदणी करणाऱ्या कुटुंबाने भाव विचारण्याआधी फळधारणा कधी झाली, हे विचारावे. त्या तारखेत सुमारे 115 दिवस उतरवणीचे आणि पुढे दहा दिवस आढीचे मिळवले, की जाहिरातीतील तारीख झाडाशी जुळते की नाही, हे घरबसल्या पडताळता येते.