शौचालयांचा आरोप आणि अब्रूची किंमत

मीरा-भाईंदर पालिकेच्या सार्वजनिक शौचालयांत शंभर कोटींचा घोटाळा झाल्याचा आरोप एप्रिल 2022मध्ये खासदार संजय राऊत यांनी मेधा सोमय्या यांच्यावर केला. 26 सप्टेंबर 2024 रोजी माझगावच्या न्यायालयाने राऊत यांना अब्रुनुकसानीबद्दल दोषी ठरवून 15 दिवसांची कैद आणि 25 हजारांची भरपाई सुनावली. अपिलासाठी शिक्षा लगेच स्थगित झाली. हा खटला फौजदारी होता.

दिवाणी दाव्याचा रस्ता वेगळा. विधान आपल्याविषयीच होते, ते तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचले आणि त्याने लौकिकाला धक्का लागला, एवढे वादीने दाखवायचे. विधान खरे असल्याचे सिद्ध करणे प्रतिवादीवर येते. मुदत मात्र एकच वर्षाची. नोटिसांच्या पत्रापत्रीत ती सहज सरते.

मग माफीचे काय? 2008मध्ये ‘टाइम्स नाऊ’ने दुसऱ्या न्यायमूर्तींच्या बातमीत माजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र जेमतेम पंधरा सेकंद दाखवले. वाहिनीने पुढे दिलगिरीची पट्टी चालवली, तरी 2011मध्ये पुण्याच्या न्यायालयाने शंभर कोटींची भरपाई ठरवली. रक्कम आम्हालाही अवाजवी वाटते. पण चूक कळताच, बातमीइतक्याच ठळकपणे मागितलेली माफी भरपाई कमी करू शकते. उशिराची पट्टी वाहिनीला वाचवू शकली नाही.