एका ओळीत उत्तर देता येईल असं पत्र

पेन्शन जवळ आलेला जवान ईमेल लिहायला बसला की त्याचा अर्ज होतो, असं माझं मत आहे. ‘सविनय सादर’पासून सुरुवात, मग भरतीची तारीख, सगळ्या पोस्टिंग, मिळालेली पदकं, घरची परिस्थिती आणि शेवटी ‘तरी साहेबांनी योग्य ते मार्गदर्शन करावे, ही विनंती’. पलटणीत अर्ज असाच चालतो. तिथे वाचणाऱ्या साहेबाला तो वाचावाच लागतो आणि त्यावर शेरा मारावाच लागतो. सिव्हिलमधल्या अनोळखी माणसावर असं कोणतंच बंधन नाही. तो फोनवर चार ओळी वाचतो, रविवारी सावकाश उत्तर देऊ म्हणतो, आणि तो रविवार काही येत नाही.

यात त्या माणसाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. ‘मार्गदर्शन करा’ या दोन शब्दांत आपण त्याच्यावर दोन कामं टाकतो. आपला प्रश्न काय आहे हे त्यानेच शोधायचं, आणि उत्तरही त्यानेच द्यायचं. पहिलं काम आपलं आहे. ते आपण केलं तर त्याच्याकडे फक्त दुसरं उरतं, आणि ते एका ओळीत होऊ शकतं.

सध्या मी राजस्थानात आहे. इथला एक हवालदार, सातारा जिल्ह्यातला, ११ महिन्यांनी पेन्शनवर जाणार आहे. काम जनरेटरचं. नवी मुंबईत ऐरोली, महापे, रबाळे भागात डेटा सेंटर उभी आहेत आणि वीज गेली की ती जनरेटरवर चालतात, एवढं त्याला माहीत होतं. ओळखीचं मात्र तिथे कोणी नव्हतं. हातात वर्षाची ६० दिवसांची सुट्टी होती. ती विद्युत पर्यवेक्षकाच्या परवान्याच्या तयारीत घालवायची की यूपीएस आणि कूलिंगचा छोटा कोर्स करायचा, हा त्याचा खरा प्रश्न. सुट्टी चुकीच्या कामात गेली असती, तर दुसरी संधी डिस्चार्जनंतरच, आणि तेव्हा पगार बंद.

त्या क्षेत्रातल्या एका अनुभवी इंजिनिअरचं भाषण त्याने यूट्यूबवर ऐकलं होतं. त्यांना लिहिलेल्या त्याच्या पहिल्या मसुद्यात हा सुट्टीचा प्रश्नच नव्हता. दीड पान माहिती होती आणि सोबत सीव्ही. आम्ही दोघांनी बसून तो असा केला:

विषय: माजी सैनिक होणार आहे, जनरेटरचे काम – एक प्रश्न

“सर, नमस्कार. लोड न देता डिझेल इंजिन चालवत राहिल्यास एक्झॉस्टमध्ये न जळलेले इंधन आणि काजळी साचते, हे आपण भाषणात सांगितलेत. तो त्रास मी स्वतः निस्तरला आहे. मी सैन्यात १२ वर्षे जनरेटरची देखभाल करतो आणि ८ जणांची टीम सांभाळतो. ११ महिन्यांनी निवृत्त होऊन नवी मुंबईत डेटा सेंटरमध्ये काम शोधणार आहे. त्याआधी मला एकच गोष्ट करता येईल: (अ) विद्युत पर्यवेक्षक परवान्याची तयारी, किंवा (आ) यूपीएस-कूलिंगचा छोटा कोर्स. आपण माझ्या जागी असता तर आधी काय केले असते? ‘अ’ किंवा ‘आ’ एवढे उत्तरही पुरेसे आहे. वेळ नसल्यास हरकत नाही.”

खाली नाव आणि फोन नंबर. बस्स.

यातलं प्रत्येक वाक्य काहीतरी काम करतं. पहिल्या वाक्यातून कळतं की हे पत्र शंभर जणांना गेलेलं नाही. ‘आपले भाषण फार आवडले’ असं कुणीही लिहू शकतो. काजळीबद्दल लिहायला मात्र भाषण ऐकलेलं असावं लागतं आणि ते कामही केलेलं असावं लागतं. दुसरी गोष्ट हुद्द्याची. आपल्याकडे ‘हवालदार’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पोलीस चौकी येते. म्हणून हुद्दा न लिहिता काम लिहिलं: किती वर्षं, कशाचं, किती माणसं हाताखाली. युनिटचं नाव, ठिकाण आणि साहित्याची माहिती अजिबात नाही. ती अनोळखी माणसाला द्यायचीही नसते आणि त्याला लागतही नाही. सीव्ही काढून टाकला, कारण सीव्ही आला की पत्राला नोकरीच्या अर्जाचा वास येतो आणि ते एचआरकडे ढकललं जातं.

सर्वांत महत्त्वाचा तो दोन पर्यायांचा प्रश्न. पर्याय आपण मांडले म्हणजे अभ्यास आपण केला हे दिसतं. पण पर्याय खरे हवेत. ‘परवान्याची फी किती’ असं विचारलं तर उत्तर सरकारी वेबसाइटवर मिळालं असतं, आणि समोरच्याला आपण आळशी वाटलो असतो. ‘आपल्याकडे जागा आहे का’ हेही एका ओळीत उत्तर देता येणारंच, पण ते उत्तर बहुधा ‘नाही’ असतं आणि तिथेच बोलणं संपतं. अनुभवाशिवाय ज्याचं उत्तर देता येत नाही, पण अनुभव असेल तर क्षणात देता येतं, असा प्रश्न शोधायचा.

त्यासाठी माझी एक साधी परीक्षा आहे. पाठवण्याआधी समोरच्याचं उत्तर आपणच कागदावर लिहून पाहायचं. ते एका ओळीत बसलं नाही, तर प्रश्न अजून तयार झालेला नाही.

आठवडाभर काही आलं नाही. दहाव्या दिवशी त्याने त्याच ईमेलखाली एक ओळ टाकली: “सर, वरचा प्रश्न पुन्हा एकदा समोर ठेवतो.” आठवण एकदाच करायची, तिसरं पत्र पाठवायचं नाही. संध्याकाळी उत्तर आलं: “अ. आणि कामाच्या अनुभवाचा दाखला युनिटमधून निघण्याआधीच घ्या.” मागितली होती एक ओळ, मिळाल्या दोन. डिस्चार्जनंतर गावाहून तो दाखला मागवताना किती पत्रव्यवहार होतो, हे वाचणाऱ्या माजी सैनिकांना मी सांगायला नको.

इथेच थांबलं असतं तर तो सल्ला मिळाला असता, मार्गदर्शक मिळाला नसता. दीड महिन्याने त्याने लिहिलं: “सर, दाखला मिळाला, परवान्याचा अभ्यास सुरू केला. आभार.” या पत्रात प्रश्न नव्हता. त्याला मात्र तासाभरात उत्तर आलं, आणि सुट्टीत येशील तेव्हा फोन कर, असं त्यात होतं. सांगितलेलं करणारा माणूस सापडला की सांगणाऱ्यालाही पुढे सांगावंसं वाटतं.

या पद्धतीला मर्यादा आहे. अशा पत्राने नोकरी मिळत नाही, आणि नीट लिहिलेल्या पत्रालाही पुष्कळदा उत्तर येत नाही. म्हणून तीन-चार जणांना लिहावं, पण प्रत्येकाला वेगळं, त्याच्या कामातला धागा धरून. एकच मजकूर सगळ्यांना सीसी करून पाठवला, तर प्रत्येकाला वाटतं की दुसरा कोणीतरी उत्तर देईल.

आणि जे माझ्याआधी पेन्शनवर जाऊन सिव्हिलमध्ये स्थिरावले आहेत, त्यांना एक विनंती. असं पत्र आलं तर सविस्तर लिहायला वेळ मिळण्याची वाट पाहू नका. ‘अ’ किंवा ‘आ’ एवढं लिहा आणि पाठवा. त्याची सुट्टी तेवढ्यावर थांबलेली असते.