अर्धशिशीची चिठ्ठी

गेल्या महिन्यात यंत्रमागावर रात्रपाळी करणारा एक तरुण सकाळी दवाखान्यात आला. नजर खाली, खिडकीचा उजेड सोसेना. त्याने खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. आदल्या संध्याकाळी शेजाऱ्याच्या हाती ती सुपरवायझरकडे धाडली होती. "मा. साहेब, डोके फार दुखते. डोळ्यापुढे वाकडीतिकडी लखलख आली, अर्धे दिसेना. उलटी झाली. आज रजा द्यावी ही विनंती." मागे साहेबांचा शेरा होता, "आता दिसते ना? गोळी खाऊन या."

बिचारा गेला. मागांची खटखट आणि ट्यूबलाइट सहन न होऊन रात्री एकला परतला. तोवर एका चादरीत हातभर तुटलेला धागा तसाच विणला गेला होता.

साहेबांनाही मी सरसकट दोष देत नाही. त्यांचा प्रश्न वरवर बरोबर वाटतो, आणि चूक नेमकी तिथेच आहे. साडेसहाच्या सुमारास त्याला भिंतीवरच्या कॅलेंडरातला एक आकडा दिसेनासा झाला. मग त्या जागी चमकती नागमोडी रेघ उमटली, ती पसरत कडेला गेली आणि सातला नजर स्वच्छ झाली. त्यानंतर उजवी कानशील ठणकू लागली. या प्रकारच्या अर्धशिशीत बहुधा असाच क्रम असतो. आधी नजरेचा खेळ, पाच मिनिटांपासून तासापर्यंत, आणि तो ओसरता ओसरता डोकेदुखी. म्हणजे दिसू लागले तेव्हा दुखणे संपले नव्हते, सुरू होत होते. पुढे औषध न घेतल्यास ते चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत रेंगाळते.

ही लखलख डोळ्यात नसते, मेंदूच्या मागच्या भागात असते. तिथे मज्जापेशींच्या खळबळीची एक लाट उठते आणि मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर वेगाने सरकते. तिच्या मागे पेशी काही काळ थंडावतात. म्हणूनच एक डोळा झाकला तरी ती दुसऱ्याने दिसते. ह्यूबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टराने स्वतःला दिसणाऱ्या अशा रेघांची चित्रे १८७० साली प्रसिद्ध केली. त्यांचा आकार तटबंदीसारखा. आपल्या भुईकोट किल्ल्याचे बुरूज वरून पाहिल्यासारखे म्हणा ना! रुग्णाला मी कागद दिला, तर त्यानेही तसेच कंगोरे काढले.

आता दाखल्याविषयी. मालक म्हणतात, डॉक्टरचा दाखला आणा. खरे सांगायचे तर अर्धशिशी रक्तात किंवा फोटोत दिसत नाही. माझा दाखला म्हणजे रुग्णाचेच म्हणणे, माझ्या कागदावर. तेव्हा एका रात्रीच्या रजेसाठी त्याच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नगावर मजुरी मिळवणारा माणूस रात्र बुडवतो तेव्हा त्याची मजुरीही बुडते. थापा मारून त्याला काय मिळणार? मात्र चिठ्ठीत वेळ हवी. मी त्याला अशी लिहून दिली : "साडेसहाला नजरेपुढे लखलख सुरू झाली, सातला थांबली. त्यानंतर उजव्या बाजूला ठणका व दोन उलट्या. मागावर उभे राहणे धोक्याचे आहे. उद्या पाळीला येतो." यात साहेबांच्या प्रश्नाचे उत्तर आधीच आहे. लखलख कारखान्यातच सुरू झाली, तर माग बंद करून बाजूला बसावे, आणि नजर साफ होईपर्यंत गाडीला किक मारू नये.

गोळीची वेळही महत्त्वाची. दुखणे चढल्यावर पोट मंदावते आणि गोळी नीट शोषली जात नाही. म्हणून दुखू लागताच, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत आणि उलटीच्या गोळीबरोबर घ्यावी. पण साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, महिनोन्‌महिने घेतली तर गोळीच डोके दुखवू लागते. पाळी निभावण्यासाठी रोज गोळी खाणारे मी पाहतो, त्यांचे दुखणे बहुधा या वाटेवर असते.

काही लक्षणे मात्र अर्धशिशी समजून घरी थांबण्याची नाहीत. नजर हळूहळू न जाता एकदम गेली, फक्त एकाच डोळ्याची गेली, हातपाय लुळे पडले, बोबडी वळली, लखलख तासापलीकडे टिकली किंवा पन्नाशीनंतर आयुष्यात प्रथमच आली, तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे. अशी लखलख येणाऱ्या स्त्रियांनी संततिनियमनाची गोळी चालू असल्यास डॉक्टरांना जरूर सांगावे. काही गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

तरुणाला मी कॅलेंडरवर खुणा करायला सांगितले आहे. आठवून पाहता आधीचे चारपैकी तीन झटके दिवसपाळीवरून रात्रपाळीवर आल्याच्या पहिल्या दोन दिवसांत आले होते, झोप अपुरी आणि जेवण चहावर भागवलेले. पुढची पाळी बदलेल त्या दिवशी दुपारी झोपून, जेवून जायचे ठरले आहे. खुणा घेऊन तो दोन महिन्यांनी येईल.