दाखला आणि साक्ष : परदेशी प्रवेशासाठीच्या शिफारसपत्रांतील अंतर

परदेशी विद्यापीठांच्या प्रवेश-अर्जांचा हंगाम ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत चालतो. अमेरिकेतील शेकडो महाविद्यालयांसाठी वापरला जाणारा ‘कॉमन अ‍ॅप’ हा सामायिक अर्ज 1 ऑगस्टला खुला होतो. ऑक्सफर्ड व केंब्रिजची मुदत ऑक्टोबरच्या मध्यास संपते आणि अमेरिकेतील पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे बरेचसे अर्ज डिसेंबरमध्ये भरावे लागतात. या काळात देशभरातील प्राध्यापकांच्या दालनाबाहेर विद्यार्थ्यांची ये-जा वाढते. प्रत्येकाला इंग्रजीतील एक शिफारसपत्र हवे असते आणि अनेकांच्या हातात त्याचा मसुदा आधीच तयार असतो. प्राध्यापकांनी केवळ स्वाक्षरी करावी, एवढीच अपेक्षा असते.

या पद्धतीत विद्यार्थ्याचे मोठे नुकसान होते आणि ते बहुधा त्याच्या लक्षातही येत नाही. दोष पत्राच्या इंग्रजीत असतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो पत्राच्या कल्पनेत असतो. आपल्या शिक्षणसंस्थांना दाखला देण्याची सवय आहे. परदेशी प्रवेश समितीला मात्र साक्ष हवी असते.

दाखल्याची परंपरा

बोनाफाइड दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, वर्तणुकीचा दाखला ही आपल्याकडील परिचित कागदपत्रे आहेत. विद्यार्थी संस्थेत शिकत होता आणि त्याच्याविषयी तक्रार नव्हती, एवढेच ती सांगतात. तेथे मजकूर सर्वांसाठी एकच असतो आणि वजन संस्थेच्या शिक्क्याला असते. शिफारसपत्र मागितले गेले की हीच रीत पुढे चालते. संस्थेचे नाव छापलेला कागद, प्राचार्यांची स्वाक्षरी, गोल शिक्का आणि मध्ये ‘सिन्सिअर’, ‘हार्डवर्किंग’, ‘ओबीडियंट’ ही तीन विशेषणे. शक्य असल्यास विभागप्रमुखांऐवजी संस्थेच्या अध्यक्षांचे पत्र मिळवण्याची धडपडही होते.

समितीतील वाचकाला या पदांचे फारसे महत्त्व नसते. पत्र लिहिणाऱ्याने विद्यार्थ्याला किती काळ, कोणत्या कामात, किती जवळून पाहिले, हे तो प्रथम शोधतो. प्रकल्पाचे मार्गदर्शन करणाऱ्या कनिष्ठ प्राध्यापकाचे पत्र त्याला अध्यक्षांच्या पत्रापेक्षा अधिक उपयोगी वाटते. ‘आज्ञाधारक’ हा आपल्याकडील गुण तेथे स्वतंत्र विचाराच्या अभावाची खूण ठरू शकतो. ‘मेहनती’ हा शब्दही एकटा आला तर धोक्याचा असतो. फ्रान्सिस ट्रिक्स व कॅरोलिन सेन्का यांनी अमेरिकेतील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या अध्यापकपदांसाठी आलेल्या तीनशेहून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध केला होता. कष्ट आणि निष्ठा यांवर भर देणाऱ्या विशेषणांचा त्यांनी वेगळा गट केला. अशा शब्दांतून प्रयत्न दिसतो; बुद्धीची झेप दिसेलच असे नाही. ही विशेषणे स्त्रियांच्या पत्रांत अधिक आढळली, हा त्या अभ्यासातील लक्षणीय भाग होता.

तुलना हाच गाभा

साक्षीचा दुसरा भाग तुलनेचा असतो. कॉमन अ‍ॅपमध्ये शिक्षकाने पत्रासोबत एक तक्ताही भरावयाचा असतो. त्यात विद्यार्थी सरासरीपेक्षा खाली आहे, सरासरी आहे, चांगला आहे, पहिल्या दहा टक्क्यांत आहे, पहिल्या पाच टक्क्यांत आहे की आपल्या कारकिर्दीत भेटलेल्या मोजक्या उत्तमांपैकी आहे, अशा चढत्या श्रेणी असतात. अनेक पदव्युत्तर अर्जांतही असाच तक्ता असतो. सौजन्य म्हणून सर्व रकान्यांत सर्वोच्च श्रेणी देणारा शिक्षक विद्यार्थ्याला मदत करत नाही. एकाच शिक्षकाकडून त्याच वर्षी चार विद्यार्थ्यांसाठी चार ‘सर्वोत्तम’ पत्रे आली, तर चौघांचीही किंमत उतरते.

ब्रिटनची रीत थोडी निराळी आहे. तेथील पदवी अभ्यासक्रमांचे अर्ज ‘यूकास’ ही संस्था स्वीकारते. 2024 च्या प्रवेशांपासून तिने संदर्भपत्राचे तीन भाग केले. पहिल्यात शाळेची वा महाविद्यालयाची माहिती, दुसऱ्यात विद्यार्थ्याच्या कामगिरीवर परिणाम करणारी विशेष परिस्थिती आणि तिसऱ्यात अर्जाला पूरक असा इतर तपशील. भारतीय शिक्षकासाठी पहिला भाग मोलाचा आहे. आपल्याकडे 60 टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते, हे परदेशी वाचकाला ठाऊक असेलच असे नाही. विद्यार्थ्याचे 68 टक्के त्याच्या तुकडीत कोणत्या क्रमांकावर आहेत, हे शिक्षकाने सांगितले तरच त्या आकड्याला अर्थ येतो.

एक उदाहरण

मराठवाड्यातील जिल्ह्याच्या ठिकाणी स्थापत्य अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका काल्पनिक विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या मसुद्यात पुढील आशयाचे वाक्य आहे : ‘हा अत्यंत प्रामाणिक व मेहनती विद्यार्थी असून त्याने काँक्रीटवरील प्रकल्प यशस्वीपणे पूर्ण केला.’ हे वाक्य कोणत्याही विद्यार्थ्याला लागू पडेल, म्हणून ते कोणाचीच ओळख सांगत नाही.

मार्गदर्शक प्राध्यापकांना मात्र या प्रकल्पाची खरी हकिगत माहीत आहे. सिमेंटचा काही भाग वगळून त्याजागी फ्लाय अ‍ॅश वापरलेल्या काँक्रीटचे ठोकळे 28 दिवसांनी दाबयंत्रात तपासायचे होते. सुमारे 30 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद अपेक्षित असताना एका संचाची सरासरी 22 वरच थांबली. अहवालात तो संच वगळणे सोपे होते. विद्यार्थ्याने कारण शोधले. दिवाळीच्या सुट्टीत टाकीतील पाणी आटले होते आणि ठोकळे अनेक दिवस कोरडे राहिले होते. त्याने ही गोष्ट स्वतःहून मार्गदर्शकांना सांगितली, नऊ ठोकळे नव्याने ओतले, पुन्हा 28 दिवस थांबला आणि फ्लाय अ‍ॅशच्या काँक्रीटला पाण्याचा खंड किती बाधतो, हा प्रश्न अहवालात स्वतंत्र प्रकरण म्हणून मांडला.

ही हकिगत पत्रात सहा-सात वाक्यांत मावते. त्यापुढे तुलनेचे एक वाक्य हवे : ‘गेल्या आठ वर्षांत मार्गदर्शन केलेल्या सुमारे चाळीस प्रकल्पगटांत स्वतःच्या चाचणीतील दोष स्वतःहून सांगणारा हा माझ्या पाहण्यातील दुसरा विद्यार्थी.’ आणि त्यानंतर एक मर्यादा : ‘त्याचे लेखन सुरुवातीस विस्कळीत होते, अहवालाचे तीन खर्डे झाल्यावर ते नेटके झाले.’ एवढ्याने पत्र एका पानात पूर्ण होते. ‘प्रामाणिक’ हा शब्द त्यात कोठेही नाही, तरी वाचकाच्या मनात तोच उमटतो. उणिवेच्या उल्लेखाने पत्र दुबळे होईल ही भीतीही येथे निराधार ठरते. उणीव दिसलेल्या माणसाने केलेली स्तुती अधिक विश्वसनीय वाटते.

मसुदा कोणाचा, हे कसे कळते

विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या पत्राची पहिली अडचण अशी की, वरील हकिगत त्यात येतच नाही. स्वतःची चूक सांगणे त्याला धोक्याचे वाटते आणि मागील आठ वर्षांच्या विद्यार्थ्यांशी तुलना करणे त्याला शक्यच नसते. दुसरी अडचण उघडकीस येण्याची आहे. पदव्युत्तर अर्जाला साधारणपणे तीन पत्रे लागतात. तीन वेगळ्या विषयांच्या प्राध्यापकांची पत्रे एकाच वळणाच्या वाक्यांत, एकाच क्रमाने आणि एकाच व्याकरणदोषांसह आली, तर अनुभवी वाचकाला ते लगेच जाणवते. पत्रातील तपशील अर्जदाराच्या उद्देशपत्रात शब्दशः उतरलेला असेल तर शंका बळावते. खोट्या वा परस्पर पाठवलेल्या पत्रावरून अर्ज फेटाळण्याचा आणि मिळालेला प्रवेशही रद्द करण्याचा अधिकार विद्यापीठे राखून ठेवतात.

पत्र पाठवण्याची वाटही महत्त्वाची आहे. विद्यार्थी अर्जात शिक्षकाचा ई-मेल पत्ता भरतो, शिक्षकाला दुवा येतो आणि तो पत्र थेट विद्यापीठाकडे देतो. संस्थेचा अधिकृत ई-मेल पत्ता असल्यास लेखकाची ओळख पटणे सोपे जाते. लहान महाविद्यालयांतील अनेक शिक्षक अजूनही खासगी पत्ताच वापरतात आणि तेथे संशयाला जागा राहते.

अमेरिकेतील 1974 च्या संघीय कायद्याने विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिला आहे. शिफारसपत्रांपुरता तो हक्क सोडण्याचा पर्याय अर्जात असतो आणि तसा तो सोडल्यास पत्राला अधिक वजन येते, कारण शिक्षकाने ते मोकळेपणाने लिहिले असे मानले जाते. विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या पत्राच्या बाबतीत ही संमती निव्वळ देखावा ठरते.

शिक्षकांची बाजू

मसुदा मागणाऱ्या प्राध्यापकाला आळशी ठरवणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. एका वर्गात साठ-सत्तर विद्यार्थी असतील, तर त्यातील बहुतेकांना केवळ हजेरीपटावरून ओळखता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन करणे अपेक्षित आहे. पत्रलेखन त्याखेरीजच्या वेळात करावे लागते. महानगरांतील महागड्या शाळांत या कामासाठी पगारी समुपदेशक असतात. जिल्ह्याच्या महाविद्यालयात तोच भार एखाद्या तरुण प्राध्यापकावर पडतो आणि इंग्रजीत मोकळेपणाने लिहिण्याचा संकोच त्याला मसुद्याकडे ढकलतो.

यावर व्यवहार्य मार्ग आहेत. विद्यार्थ्याने तयार पत्राऐवजी एक पानभर टिपण द्यावे : कोणता विषय केव्हा शिकला, कोणते काम केले, काय अडले, कोणत्या अभ्यासक्रमाला अर्ज करत आहे आणि मुदत कोणती. हे टिपण किमान चार आठवडे आधी दिले, तर शिक्षकाला आठवायला वेळ मिळतो. शिक्षकाने हकिगत मराठीत लिहून नंतर इंग्रजीत आणली तरी चालते. इंग्रजीतर भाषेतील पत्र प्रमाणित भाषांतरासह स्वीकारणारी विद्यापीठेही अनेक आहेत; मात्र भाषांतर अर्जदाराने स्वतः करू नये. सांगण्यासारखे काही नसेल, तर नकार देणे हीच मोठी मदत, कारण कोमट पत्र नसलेल्या पत्रापेक्षा वाईट असते.

अर्थात पत्राच्या सामर्थ्यालाही सीमा आहे. कमी पडलेले गुण ते भरून काढत नाही आणि कॅलिफोर्निया विद्यापीठासारखी मोठी संस्था पदवीपूर्व प्रवेशासाठी सर्वसाधारणपणे पत्रे मागतच नाही. त्याचा प्रभाव पडतो तो गुणपत्रिका सारख्याच दिसणाऱ्या अर्जदारांत निवड करताना. नामवंत संस्थेतील विद्यार्थ्याला तेव्हा संस्थेच्या नावाचा आधार असतो. अपरिचित महाविद्यालयातील विद्यार्थ्यासाठी त्याला जवळून पाहिलेल्या एका माणसाचे पानभर शब्द हाच आधार असतो आणि आजवर तोच विद्यार्थी तीन विशेषणांचा दाखला घेऊन रांगेत उभा राहत आला आहे.