तीन वाजताचं पाणी

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला डिसेंबरात पंचवीस वर्षं झाली. आदल्या रविवारी मी तिच्याकडे फुलपाड्याला गेले होते. ती भाजी आणायला खाली उतरल्याची खात्री करून भावोजींनी कपाट उघडलं आणि इस्त्रीच्या कपड्यांच्या घडीखालून वहीची चार पानं काढली. "ताई, एवढं जरा तपासून द्या. हिला सांगू नका."

गेली वीस वर्षं मी सूत्रसंचालन करते. साखरपुडे, षष्ट्यब्दीपूर्ती, निवृत्तीचे समारंभ, सगळं केलंय. माइकजवळ उभी राहून जितकी भाषणं मी ऐकली असतील, त्यात सगळ्यात अवघड मला वाटतं ते लग्नाच्या रौप्यमहोत्सवाला नवऱ्याने करायचं भाषण. साठीला षष्ट्यब्दी असते, गुरुजी असतात, पुढे काय करायचं ते सांगत जातात. लग्नाच्या पंचविसाव्या वर्षाला मात्र आपल्याकडे स्वतःचा असा विधी नाही. औक्षण होतं, पुन्हा हार घातले जातात, केक कापला जातो आणि मग कुणीतरी त्या माणसाच्या हातात माइक देतं. त्या संध्याकाळचा विधी म्हणायचा तर ते भाषणच.

"मोठ्याने वाचा, उभं राहून," मी म्हटलं आणि मोबाइलवर वेळ लावली. मनातल्या मनात वाचून भाषणाची लांबी कधीच कळत नाही. सावकाश बोलणारा माणूस मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द बोलतो. लोक हसले तर तेवढा वेळ आणखी जातो. भावोजींची चार पानं अकरा मिनिटांची निघाली. भुकेलेली माणसं तीन मिनिटं मनापासून ऐकतात, चौथं मिनिट तुमच्यासाठी म्हणून ऐकतात. पुढे आधी पोरं पळायला लागतात, मागच्या रांगेत मोबाइल निघतात आणि जेवणाच्या टेबलांकडून झाकणांचा आवाज यायला लागतो. झाकणं वाजली की भाषण संपलं, बोलणारा बोलत असला तरी.

पहिलं दीड पान आभारांचं होतं. सदतीस नावं मी मोजली. त्यातली दोन ठेवली, दोघांच्या आयांची, तीही सुरुवातीला नमस्कारापुरती. बाकीच्यांना जेवताना पंगतीत जाऊन हात जोडायचे. सदतीस नावं घेतली की अडतिसावा माणूस दुखावतो, आणि तो नेमका जवळचा असतो.

पुढचं पानभर विनोद होते. लग्न म्हणजे जन्मठेप, घरात हिचंच राज्य, मला बोलायची परवानगी आजच मिळाली, असले. फोनवर आलेले. ते मी सगळेच्या सगळे खोडले. लोक अशा विनोदांना हसतात, नाही असं नाही. पण मी तेव्हा बायकोच्या चेहऱ्याकडे बघत असते. हसू ओठांपर्यंत येतं आणि लगेच ती पदर सारखा करते. दर वेळी. शिवाय हे विनोद कुणाच्याही बायकोवर चालतात. मी भावोजींना विचारलं, "यात माझी बहीण कुठे आहे?" त्यांनी पानं हातात घेतली, वरपासून खालपर्यंत पाहिली आणि खरंच शोधली. नव्हती.

मग मी त्यांना त्यांच्याच लग्नाची आठवण करून दिली. कन्यादानाच्या वेळी धर्म, अर्थ आणि काम यांत हिचं अतिक्रमण करू नकोस असं मुलीकडच्यांकडून सांगितलं जातं, आणि नवरा मुलगा म्हणतो, "नातिचरामि". गुरुजी पुढे सांगतात, तो मागून म्हणतो. सगळ्या लग्नात नवऱ्याने बोलायचा महत्त्वाचा शब्द तो एक. "तो तुम्ही सांगितल्यावर म्हटला होता," मी म्हटलं. "आता न सांगता काय म्हणाल?"

ते बराच वेळ गप्प बसले. अशा वेळी 'तुम्हाला ती का आवडते' असं विचारून काही हाती लागत नाही, माणूस 'प्रेमळ', 'समजूतदार' असे शब्द देतो. मी विचारते ते वेगळं: पहिल्या वर्षातलं असं काय आहे, जे आजही घरात चालू आहे? भावोजी म्हणाले, "तसं काही नाही." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पाणी." आणि त्यांनी मला जे सांगितलं ते मी माझ्या सख्ख्या बहिणीबद्दल पंचवीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

ते तसंच्या तसं ठेवायचं ठरलं. चार पानं मिटली आणि पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर पाच शब्द आले: जिल्हा, ड्रम, गजर, टाकी, तीन. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पाठ करायचं, मधलं सांगायचं. सुरुवातीला घसा कोरडा पडतो म्हणून पहिलं हवं, आणि शेवट ठरलेला नसला की माणूस तीनदा संपवतो म्हणून शेवटचं. मोबाइलवरून वाचायचं नाही. ऐन वेळी स्क्रीन काळी होते किंवा कुणाचा तरी शुभेच्छांचा निरोप मजकुरावर येऊन बसतो.

आठवडाभर ते पहाटे पापडखिंड धरणाच्या बाजूला चालायला जात आणि भाषण मोठ्याने म्हणत. तिसऱ्या दिवशी वेळ दोन मिनिटं पन्नास सेकंदांवर आली. पण रोज एकाच वाक्यापाशी आवाज फुटत होता. त्यांना वाटलं, ते वाक्य काढावं. मी काढू दिलं नाही, भाषण त्या वाक्यासाठीच होतं. त्यावर एक उपाय आहे: ते एकच वाक्य सुटं काढून दहा-पंधरा वेळा म्हणायचं, भांडी लावताना, गाडीची वाट बघताना. जिभेला त्याची सवय होते. शिवाय त्याच्या आधी थांबून पूर्ण श्वास घ्यायचा, आणि तोवर बायकोकडे न बघता आईकडे बघत बोलायचं. तरीही आवाज थोडा हलतोच. हलू द्यावा.

समारंभ इमारतीच्या आवारातच होता, छोटा मांडव घालून. भुजिंग आगाशीहून आलं होतं. मी स्पीकर लावणाऱ्या मुलाला सांगून दोन्ही खोके पुढे सरकवून घेतले. बोलणारा स्पीकरच्या पुढे उभा राहिला की माइक शिट्टी मारतो, आणि मग अर्धं भाषण 'हॅलो, हॅलो'त जातं. माइक तोंडापासून चार बोटं. केक कापून झाल्यावर, जेवणाच्या आधी, मी भावोजींचं नाव पुकारलं. ते बोलले ते असं:

"दोन्ही आयांना नमस्कार. जेवण तयार आहे, वास मलाही येतोय, म्हणून थोडक्यात सांगतो.

"डिसेंबर 2000 मध्ये ही लग्न होऊन फुलपाड्यात आली, ठाणे जिल्ह्यात. 1 ऑगस्ट 2014 ला आम्ही दोघं पालघर जिल्ह्यात गेलो. घरातला एक चमचासुद्धा हलवला नाही. हिला घडवलेला हा माझा सगळ्यात स्वस्त प्रवास.

"पहिलं घर चाळीतलं, एक खोली. दाराबाहेर निळा ड्रम. नळाला पाणी एक दिवसाआड, रात्री तीनला. मला पहाटेची लोकल असायची. चार महिने मी सकाळी भरलेला ड्रम बघत होतो आणि कुणी भरला हा प्रश्न मला पडला नाही. एका रात्री जाग आली. बघतो तर ही अंधारात पाइप धरून बसलेली. पाण्याच्या आवाजाने माझी झोप मोडू नये म्हणून पाइपच्या तोंडाला माझंच जुनं बनियन बांधलेलं.

"मी ठरवलं, आता आपण उठायचं. गजराचं घड्याळ उशीखाली ठेवलं. हिने ते काढून स्वतःच्या उशीखाली नेलं. मग मी गजराशिवाय उठू लागलो, अडीचला. ही सव्वादोनला. शेवटी एका रात्री दोघंही दोन वाजता ड्रमपाशी येऊन बसलो, आणि पाण्याला अजून तास होता. तो तास आम्ही उंबऱ्यावर बसून गप्पा मारल्या. तेवढ्या गप्पा लग्न ठरल्यापासून झाल्या नव्हत्या.

"आता इमारत आहे, गच्चीवर टाकी आहे. तरी तीनला हिचे डोळे उघडतात. उठते, स्वयंपाकघरातला नळ सोडून बघते, बंद करते, परत येऊन झोपते. हिला वाटतं, मी झोपलेला असतो."

इथे ते थांबले. श्वास घेतला. मग पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

"मी जागा असतो. तू परत येऊन पांघरूण ओढेपर्यंत मला झोप लागत नाही.

"लग्नात गुरुजींनी सांगितलं ते बोललो होतो. हे माझं मी बोललो. चला, जेवायला चला."

आवाज हलला, 'पांघरूण' या शब्दावर. पण वाक्य पूर्ण झालं. टाळ्या लगेच पडल्या नाहीत. आधी पहिल्या रांगेतल्या भावोजींच्या आईने चष्मा काढून पदराने पुसला, मग त्या टाळ्या वाजवू लागल्या, मग सगळे.

माझी बहीण खुर्चीतून उठली. तिला चार शब्द बोल म्हणून मी माझा माइक पुढे केला, तर तिने मान हलवली आणि सरळ नवऱ्यापाशी जाऊन, फक्त त्यांना ऐकू जावं इतक्या हळू आवाजात बोलली. त्यांच्या हातातला माइक चालूच होता, आणि सगळ्या मांडवाने ऐकलं.

"माहीत होतं मला. झोपेत तुमचा श्वास वेगळा असतो."