गोषवाऱ्यातून आकडे कुठे गेले?

‘निकाल सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय आढळले.’ वैद्यकीय शोधनिबंध तपासताना गोषवाऱ्यातले हे वाक्य मी इतक्यांदा वाचले आहे की आता चीड येते. किती रुग्णांत? कशाच्या तुलनेत? फरक केवढा? तक्त्यात सगळे असते, गोषवाऱ्यात काहीच नसते. कारण तो शेवटच्या रात्री प्रस्तावनेतली वाक्ये उचलून लिहिलेला असतो.

क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचा निबंध घ्या. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची ही चाचणी १९४८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. आमचे लोक लिहितील: ‘क्षय ही गंभीर समस्या आहे. रुग्णांना स्ट्रेप्टोमायसिन देण्यात आले. औषध परिणामकारक ठरले.’ शीर्षके भरली, वाचकाच्या हाती धुपाटणे!

पार्श्वभूमीला एक वाक्य पुरते: औषध आशादायक होते, पण विश्रांतीवरही काही क्षयरोगी सुधारत, म्हणून तुलना हवी होती. जागा द्यायची ती पद्धतीला. दोन्ही फुप्फुसांत झपाट्याने पसरणारा क्षय असलेले १०७ तरुण रुग्ण. बंद लिफाफ्यांतल्या यादृच्छिक वाटणीने ५५ जणांना विश्रांतीसोबत औषध, ५२ जणांना नुसती विश्रांती. क्ष-किरण चित्रे वाचणाऱ्यांना गट ठाऊक नाहीत. मग निकाल: सहा महिन्यांत ५५ पैकी ४ दगावले, ५२ पैकी १४. चित्रांत मोठी सुधारणा पहिल्या गटात २८ जणांत, दुसऱ्यात ४ जणांत. आणि औषध घेणाऱ्या बहुतेकांतले जंतू औषधाला दाद देईनासे झाले. हे शेवटचे वाक्य गाळले, तर निष्कर्ष ‘क्षयावर औषध सापडले’ असा होतो, आणि तो खोटा आहे.

खोटेपणा तिथेच शिरतो. मुख्य निकालात फरक निघाला नाही की एखादा दुय्यम निकाल निष्कर्षात आणून बसवतात. २०१० साली ‘जामा’त आलेल्या एका अभ्यासात मुख्य निकाल लक्षणीय नसलेल्या ७२ चाचण्या तपासल्या होत्या, त्यांतल्या ५८ टक्के गोषवाऱ्यांच्या निष्कर्षात असा मुलामा सापडला. तो ओळखणे अवघड नाही. पद्धतीत मोजायची म्हणून सांगितलेली मुख्य गोष्ट धरा, निकालात तिचाच आकडा शोधा आणि निष्कर्ष तिच्याबद्दलच बोलतो का, ते पाहा.

मागे एका विद्यार्थ्याच्या गोषवाऱ्यात ६० रुग्ण होते, तक्त्यात ५४. सहा जण मध्येच सोडून गेले होते. “सर, अडीचशेच शब्द आहेत, कुठे लिहू?” म्हणाला. त्याची पहिली चार वाक्ये रोगाच्या गांभीर्यावर होती. ती मी खोडली; सहा जणांना जागा झाली.

त्या गोषवाऱ्याखाली मार्गदर्शकाची सही आधीच झालेली होती. मार्गदर्शकांनो, तक्ता शेजारी ठेवून एकेक आकडा पडताळल्याशिवाय सही करू नका.